ऊन चढलं तसं धुरकं उतरलं

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. बेळगावच्या पूर्वेला, सांबऱ्याच्या माळावर माझी सकाळची ड्युटी होती. दर अर्ध्या तासाला वारा, तापमान, ढग आणि किती लांबचं दिसतंय, एवढं नोंदवून विमानांसाठी पाठवायचं. लांबचं दिसणं आम्ही ठरलेल्या खुणांवरून मोजतो. पाण्याची टाकी २ किलोमीटरवर, मोबाईलचा टॉवर ५ वर, आणि पार पश्चिमेला, २०-एक किलोमीटरवर, वैजनाथचा डोंगर.

सातला टॉवर दिसत नव्हता. कुंपणाच्या तारेवर दव लोंबत होतं, हवा ओलसर होती. मी नेहमीसारखं `4000 BR` लिहिलं. आकडा मीटरचा, BR म्हणजे विरळ धुकं. साडेआठला टॉवर दिसू लागला आणि मी चहाला बसले.

दहा वाजता बाहेर आले तर टॉवर पुन्हा गायब होता. टाकीच्या पलीकडचं सगळं पुसून गेलं होतं. धुकं ऊन चढलं की उठतं, हे आमच्याकडे पोरंसुद्धा सांगतील. हे मात्र उन्हाबरोबर वाढत होतं.

कंट्रोलमधून विचारणा झाली, "मॅडम, अकरापर्यंत उठेल का? विमान यायचंय." शेजारी उभे असलेले आमचे शिपाईमामा म्हणाले, "उसाचा पाला पेटवला असंल कुणीतरी."

मामांचं चुकीचं म्हणवत नव्हतं. तोडणी झाली की या पट्ट्यात पाला जाळतातच. पण त्या धुराचा पट्टा दिसतो, वास नाकात बसतो आणि काळी राख अंगणात पडते. इथे वास जेमतेम होता, राखेचा कण नव्हता आणि चारी दिशा सारख्याच मळकट होत्या. मी थर्मामीटरच्या पेटीकडे गेले. कोरडा पारा २७, ओल्या फडक्यातला १८. म्हणजे आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास. एवढ्या कोरड्या हवेत धुक्याचा थेंब टिकतच नाही. वर पाहिलं तर सूर्य तांबूस होता आणि दहा वाजूनही त्याच्याकडे बघवत होतं. नोंद केली `2500 HZ`. HZ म्हणजे धुरकं. लांबून आलेला धूर हवेत असा एकजीव झाला की तो याच नावाने नोंदवतात.

मग लांबून म्हणजे कुठून? उपग्रहाला दिसलेल्या आगींचा FIRMS नकाशा उघडला. आदल्या दुपारच्या फेरीत आंध्र-तेलंगणाच्या नल्लमला जंगलावर लाल ठिपक्यांचा पुंजका होता. दीड किलोमीटर उंचीवरचा वारा पूर्वेकडून ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. श्रीशैलम ते बेळगाव सरळ रेषेत साडेचारशे-पाचशे किलोमीटर. म्हणजे तेरा-चौदा तास. संध्याकाळी निघालेला धूर सकाळी आमच्या डोक्यावर. ठिपक्यांवरून हाच धूर तोच, असं शपथेवर सांगता येत नाही. वाटेतल्या शेतांतलाही त्यात मिसळलेला असणार. पण वेळ आणि दिशा दोन्ही जुळत होत्या.

दहाचं कोडं इथे सुटलं. दुपारच्या उन्हाने तापलेली हवा आगीचा धूर दोन-तीन किलोमीटर वर नेते. रात्री जमीन गार होते, तिच्यालगत थंड हवेचा थर बसतो आणि वरच्या हवेचा खालच्याशी संबंध तुटतो. खाली पान हलत नाही तेव्हा वर वारा, जमिनीचा अडसर नसल्याने, धुराला घेऊन धावतो. सकाळी जमीन तापली की तो थंड थर मोडतो, हवा घुसळायला लागते आणि रात्रभर डोक्यावरून जाणारा धूर खाली येतो. आमच्याकडे तो दहाला आला.

एवढ्या वाटेत तो खाली का बसत नाही? जड राख आगीजवळच पडते. उरतात ते मिलिमीटरच्या पाच-दहा हजाराव्या भागाएवढे कण, आणि स्थिर हवेत ते दिवसभरात जेमतेम वीतभर खाली येतात. पाऊस पडला तर तो त्यांना धुऊन काढतो, पण फेब्रुवारीत आमच्याकडे पाऊस कुठला? शिवाय त्यांचा आकार प्रकाशाच्या लहरीच्या जवळपासचा, म्हणून ते ऊन फार जोरात विखुरतात. धूर डोंगर झाकत नाही. डोळा आणि डोंगर यांच्यामध्ये उजेडाचाच पडदा धरतो.

मी कंट्रोलला सांगितलं, "धुकं असतं तर उठलं असतं. हे अकरापर्यंत हलायचं नाही. पश्चिमेचा वारा सुटेपर्यंत धरून चाला." विमान उशिरा निघालं.

साडेचारला वातकुक्कुट फिरला. घाट चढून समुद्राकडची हवा आली. आधी वैजनाथची कड उमटली, फिकट निळी, पेन्सिलने ओढल्यासारखी. त्या वेळी पूर्वेचा टॉवर अजून दिसत नव्हता.