साडेसदतीस जीबीचं सहस्रचंद्रदर्शन

शनिवारी सकाळी स्टुडिओचं शटर वर करतोय तोच काकू दारात उभ्या. सोबत पुतण्या, त्याच्या हातात आम्हीच दिलेली हार्ड डिस्क. काकूंच्या सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं शूटिंग आम्ही केलं होतं. धाकटा दीर मेलबर्नला रुग्णालयात नर्स आहे. रजा न मिळाल्यामुळे तो येऊ शकला नाही आणि व्हिडिओही अजून त्याला धड बघायला मिळाला नव्हता.

पुतण्याने दोन उद्योग करून झाले होते. आधी मोबाइलवरून मेसेजिंग अ‍ॅपने थोडे तुकडे पाठवले. व्हिडिओ म्हणून पाठवलं की अ‍ॅप तो आपल्या मनाने लहान करतं, त्यामुळे आजोबांच्या चेहऱ्यावर नुसते चौकोन. मग एका फुकट सेवेवर काही भाग चढवून लिंक पाठवली. तिची मुदत तीन दिवसांची. दीराच्या नेमक्या त्याच आठवड्यात रात्रपाळ्या, आणि लिंक उघडली तर मुदत संपलेली. अशी मुदत फाइल चढवली की सुरू होते, समोरच्याने मेसेज वाचला की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

"दादा, आहे तशीच पाठवा ना, कमी-बिमी काही करू नका," काकू म्हणाल्या. मी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. शंभर मिनिटांची फिल्म, फोर-के, सेकंदाला ५० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी आणि एकूण साडेसदतीस जीबी. आमच्या लाइनचा डाउनलोड सेकंदाला शंभर मेगाबिटचा, पण अपलोड प्रत्यक्षात वीसच्या आसपास मिळतो. पाठवताना उपयोगी पडतो तो हाच आकडा, आणि जाहिरातीत तो बारीक अक्षरात असतो. त्या हिशेबाने सलग सव्वाचार तास. तिकडे पुन्हा तेवढंच उतरवायचं, आणि दीर ते बघणार फुल-एचडी टीव्हीवर. पुतण्या म्हणाला, झिप करू. झिपने व्हिडिओ जवळजवळ काहीच आटत नाही, तो आधीच दाबलेला असतो.

म्हणून फुल-एचडीची वेगळी प्रत काढायची ठरवली. एच-२६५ या व्हिडिओ दाबायच्या नव्या पद्धतीने फाइल आणखी लहान झाली असती, पण टीव्ही जुना आहे असं दीराने फोनवर सांगितलं. जुन्या टीव्हीवर तो प्रकार बऱ्याचदा उघडतच नाही, आवाज येतो आणि पडदा काळा. तेव्हा आधीची एच-२६४च.

किती दाबायचं हे मी कधीच अख्ख्या फिल्मवर ठरवत नाही. सगळ्यात अवघड एक मिनिट कापून घेतो. इथे ते औक्षणाचं होतं: हॉलचे दिवे मालवलेले, ताटात निरांजनं लावलेली, मागे काळोख आणि काकूंच्या पैठणीचा जरीकाठ. हँडब्रेक या व्हिडिओ दाबायच्या सॉफ्टवेअरमध्ये गुणवत्तेचा आकडा २६ ठेवला तर काळोखात पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे उठले आणि ज्योतीभोवती ठोकळे नाचायला लागले. २० वर आणल्यावर पट्टे गेले, काठातली जर नीट दिसायला लागली. (या मापात आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी.) त्या मापाने सगळी फिल्म साडेसात जीबीत बसली. भरउजेडातला भाग तपासून भागत नाही, तो कुठल्याही आकड्याला चांगलाच दिसतो.

आता तुकडे. टीव्हीला लावायचा पेनड्राइव्ह बहुतेक वेळा फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यावर चार जीबीहून मोठी फाइल बसतच नाही. म्हणून तीन भाग केले: होमहवन, तुला आणि औक्षण, पंगत. प्रत्येक साधारण अडीच जीबी. मधेच नेट गेलं तरी एकच भाग पुन्हा पाठवावा लागतो.

या वेळी फुकट लिंक नको म्हटलं. स्टुडिओच्या पैसे भरलेल्या ड्राइव्हवर भाग चढवले. तिथली लिंक मी बंद करेपर्यंत चालते. तासाभरात अपलोड झालं.

दुपारी दीराचा फोन. "दादा, हेही धूसरच आहे हो." मी विचारलं, बघताय कुठे? तो लिंकवरच प्ले दाबून बघत होता. नुकत्याच चढवलेल्या व्हिडिओची ब्राउझरमधली झलक सुरुवातीला हलक्या दर्जाचीच असते, खरी फाइल डाउनलोड केल्यावरच कळते. उतरवून झाल्यावर तिन्ही फाइलींवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमधला बाइटचा आकडा त्याला वाचायला लावला. दुसऱ्या भागाचा जुळेना. बघितलं तर त्याच्या नावाच्या शेवटी अजून `.crdownload` होतं, म्हणजे उतरणं पूर्ण झालंच नव्हतं. ते होईपर्यंत काकू स्टुडिओतच बसून राहिल्या, चहा दोनदा झाला.

रविवारी पेनड्राइव्ह टीव्हीवर चालल्याचा निरोप आला, तेव्हा लिंक बंद केली. मूळ फोर-के मात्र हार्ड डिस्कवर आहे तशीच ठेवायला सांगितली आहे. डिसेंबरात काकूंच्या ओळखीतलं कुणीतरी मेलबर्नला जाणार आहे, त्यांच्या हातून तिची दुसरी प्रत जाईल.