सात नंबरची वांगी साडी

परत आलेली साडी मावशींनी माझ्यासमोर कॉटवर टाकली आणि म्हणाल्या, "बघ बाबा, तुझ्या फोटोत ही डाळिंबी दिसती. आमच्या घरात ती कधीच डाळिंबी नव्हती."

मोबाईलवर फोटो उघडला. मावशी खरं बोलत होत्या. फोटोत गर्द डाळिंबी आणि कॉटवर सरळसरळ वांगी, निळ्याकडे झुकलेली. गिऱ्हाईक पुण्याचं होतं. त्या बाईंनी पार्सल फोडलं, अर्ध्या तासात "रंग वेगळा आहे" असा मेसेज टाकला आणि साडी परत धाडली. जाण्यायेण्याचा खर्च व्यापाऱ्यानं मावशींच्या हिशेबात धरला. माझ्या नाही, मावशींच्या. ते मला लागलं.

मी पंधरा वर्षं बेळगावात लग्नं काढली. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून वडगाव, खासबाग, शहापूरच्या मागवाल्यांच्या साड्या व्यापाऱ्यांच्या कॅटलॉगसाठी काढून देतो. मोठा कॅमेरा विकून टाकला. एक मोबाईल, एक पांढरी चादर आणि ज्याच्या त्याच्या घरातली खिडकी. लोकांना वाटतं यात काय आहे, चादर अंथरायची आणि बटण दाबायचं. लग्नाच्या फोटोत नवरीचा शालू थोडा जास्त लाल झाला तर घरची मंडळी खूश होतात. आमच्यातले निम्मे फोटोग्राफर त्यावरच जगतात. कॅटलॉगमध्ये तो लाल एक सूतभर हलला तरी साडी परत येते.

तर त्या दिवशी जुलैचा पाऊस होता, बेळगावचा, दिवसभर एकाच सुरात पडणारा. मावशींच्या पुढच्या खोलीला उत्तरेची एक खिडकी आहे, पलीकडच्या खोलीत दोन माग. पहिल्या वेळी याच खोलीत चौदा साड्या काढल्या होत्या. सगळं पुन्हा तसंच मांडलं. खिडकीपासून हातभर अंतरावर जमिनीवर फळी, फळीवर इस्त्री केलेली चादर, त्यावर साडीची घडी, पदर थोडा उलगडलेला. वर दोन स्टुलांवर आडवी लाकडी पट्टी, पट्टीच्या टोकाला मोबाईल खाली तोंड करून आणि दुसऱ्या टोकावर किलोचं वजन, म्हणजे कलंडत नाही. बटणाला बोट लावत नाही, तीन सेकंदांचा टायमर. झूम दुप्पट ठेवतो, नाहीतर रुंद भिंगात काठ फुगीर येतात.

पहिला अडथळा मागांचा. ढगाळ उजेडात मोबाईल सेकंदाचा विसावा भाग तरी शटर उघडं ठेवतो, आणि पलीकडे धोटा आपटला की जमीन, स्टूल, पट्टी सगळं बारीक थरथरतं. छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसतो. मोठा करून जरीच्या बुट्टीवर गेलात की प्रत्येक रेघ दुहेरी, आणि तीही एकाच दिशेनं. हात हलला की सगळीकडून पुसट होतं, माग हलवतो तेव्हा ठोक्याच्या दिशेनंच. हे ओळखायला मला आधीच्या दोन कामांचा सत्यानाश करून घ्यावा लागला होता. मावशींना माग थांबवा म्हणणं जिवावर येतं. थांबलेला माग म्हणजे त्यांची मजुरी.

पण पावणेबाराला करंट गेला. माग थांबले, खोलीतली ट्यूबलाईटही गेली. ती मी पहिल्या वेळी बंद करायला विसरलो होतो की काय, याची आता मला शंका येऊ लागली. मावशी चुलीकडे वळल्या. "आमचा धंदा बुडाला की तुझा चालतोय, बघ."

ट्यूब नसतानाही साडी डाळिंबीच आली. म्हणजे ट्यूबचा दोष नव्हता.

मग चादरीकडे लक्ष गेलं. चादर मावशींचीच. मी माझी नेतो, पण पावसात ती वाळली नव्हती, म्हणून दोन्ही वेळा त्यांची घेतली. मावशी पांढऱ्या कपड्यांना सढळ हातानं नीळ देतात. डोळ्याला ती चादर शुभ्र दिसते, कारण नीळ पिवळेपणा मारते आणि आपल्याला निळसर पांढरं जास्त पांढरं वाटतं. मोबाईलला तसं वाटत नाही. चौकटीचा अर्धाअधिक भाग निळसर दिसला की तो समजतो उजेडच निळा आहे, आणि सगळ्या फोटोत पिवळा-तांबडा ओततो. चादर पांढरी होते, वांगी साडी तांबडी होते. आपण बघतो ती चादर, म्हणून आपल्याला वाटतं फोटो बरोबर आहे!

ताळा घ्यायला मावशींच्या मिक्सरच्या खोक्यातला थर्मोकोलचा तुकडा काढला. तो साध्या पांढऱ्याच्या फार जवळ असतो. चादरीवर ठेवून फोटो घेतला तर चादर पांढरी आणि थर्मोकोल लोण्यासारखा पिवळट. चोर सापडला असं वाटलं. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये जाऊन रंगाचं ऑटो बंद केलं, थर्मोकोल करडा-पांढरा दिसेपर्यंत केल्विनचा आकडा हातानं सरकवला. ६३०० च्या आसपास थांबलो. आता चादर किंचित निळी दिसते, दिसू दे. ती खरंच निळी आहे. व्यापारी मागची बाजू कापूनच टाकतो.

एक गोष्ट सांगायला हवी, कारण नवी मुलं इथेच अडकतात. पांढरी चादर फोटोत करडी आली की ती उजेड वाढवत नेतात. मोबाईल कशालाही मध्यम करड्यावर आणायला बघतो, म्हणून थोडं वर सरकवावंच लागतं. पण चादर दुधासारखी होईपर्यंत सरकवलंत तर आधी जरी जाते. जरीच्या जागी पांढरा डाग राहतो आणि तो मागून परत आणता येत नाही. मी जरी बघून थांबतो, चादर बघून नाही.

असो. आकडा लॉक केला आणि सात नंबरची साडी पुन्हा काढली. सुधारली, पण थोडीच. आता डाळिंबीऐवजी जांभूळ-लाल. कॉटवरच्या साडीशी अजूनही जुळेना. मी थर्मोकोल पुन्हा तपासला, तो बरोबर होता. शेजारी ठेवलेली हिरवी साडीही तंतोतंत आली. फक्त हीच येत नव्हती. वैतागून मी साडी उचलून मावशींना दाखवायला निघालो, आणि हातातल्या हातात ती वळली तशी निळी झाली.

मग मी विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. "मावशी, हिचा ताणा कसला?"

"लाल. बाणा निळा. धूपछाव हाय ती. तुला ठाऊक नव्हतं?"

पंधरा वर्षं नवऱ्या काढल्या आणि साडीचे उभे-आडवे धागे कधी बघितले नाहीत. मावशींनी काठाजवळून चार धागे उसवून माझ्या तळहातावर ठेवले. दोन लाल, दोन निळे. वांगी नावाचा एकही धागा त्या साडीत नव्हता.

पुढचा तास मी फक्त ती घडी फिरवत बसलो. मावशींना वाटलं पोराला वेड लागलं. लांबी खिडकीला समांतर ठेवली की साडी लाल. नव्वद अंशात वळवून लांबी खिडकीकडे तोंड करून ठेवली की निळी. तीच खिडकी, तोच उजेड, केल्विन लॉक, मोबाईल जागचा हललेला नाही. कारण सोपं आहे, एकदा दिसल्यावर. धागा म्हणजे बारीक गोल दांडी. उजेड बाजूनं येतो आणि मोबाईल वरून बघतो, तेव्हा खिडकीला समांतर पडलेल्या दांड्या अंगाची चमक वर फेकतात. खिडकीकडे तोंड केलेल्या दांड्यांची चमक खोलीच्या आत पुढे निघून जाते, मोबाईलला मिळत नाही. ताणा साडीच्या लांबीत धावतो. लांबी खिडकीला समांतर म्हणजे लाल धागे समांतर. मी दोन्ही वेळा साड्या तशाच मांडल्या होत्या, कारण फळी लांब आहे आणि खिडकीसमोर ती तशीच बसते. वर निळीच्या चादरीनं आणखी तांबडं ओतलं. दोन चुका एकाच बाजूला ओढत होत्या.

मग खरा रंग कुठला? हे मला अजून सुटलेलं नाही. पुण्याच्या बाईंनी साडी कशी धरली असेल, कुठल्या दिव्याखाली, कुणास ठाऊक. त्या खोटं बोलत नव्हत्या, आणि गंमत म्हणजे दुसरा फोटोही खोटा नव्हता. नेसल्यावर निऱ्यांत लांबी आडवी असते, पदरात उभी. एकाच बाईच्या अंगावर ती साडी दोन रंगांची दिसणार, आणि त्यासाठीच लोक ती घेतात.

मी व्यापाऱ्याला फोन लावला. म्हटलं, या साडीचे दोन फोटो लावू, एक लाल बाजूचा, एक निळ्या बाजूचा. "नको नको," ते म्हणाले. "गिऱ्हाईक दोन साड्या समजतंय. एकाच्या पैशात दोन मागतील." एका ओळीत धूपछाव असं लिहा म्हटलं, तर म्हणाले खाली कोण वाचतंय. यांच्या पानावर किमतीचा आकडा अंगठ्याएवढा असतो आणि साडीची माहिती मुंगीएवढी, मग वाचणार कोण.

शेवटी मधला मार्ग काढला. फळी आणि वरची पट्टी दोन्ही मिळून खिडकीला तिरकी केली, पंचेचाळीस अंश. लाल आणि निळे दोन्ही धागे खिडकीशी सारख्याच कोनात आले. मोबाईलही सोबत वळवला, म्हणून चौकटीत काठ सरळच राहिले. पडद्यावर पहिल्यांदा वांगी आली. खिडकीसमोरच्या बाजूला थर्मोकोल उभा केला, तशी घडीतली काळी सावली सैल झाली. मावशींनी मोबाईल हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. "ही माझी साडी," म्हणाल्या. अडीचला करंट आला आणि मागांनी पट्टी हलवायच्या आत मी तिचे सहा फोटो घेऊन ठेवले होते.

संध्याकाळी व्यापाऱ्याचा मेसेज आला. रंग ठीक. पण याची सावली कोपऱ्यातून पडते, बाकीच्या तेरांची डावीकडून. पानावर ही एकटीच वेगळी दिसते, तर बाकीच्या तेरा तशाच काढून द्या. पैशाबद्दल त्यात काही नव्हतं. मी मावशींना फोन करून विचारलं, परत कधी येऊ. त्यांनी आत कुणाला तरी विचारलं आणि सांगितलं, शुक्रवारी ये, दहा ते चार करंट नाही.