नळाच्या पाण्याचा वास उकळून जातो का?

तुम्ही विचारलंत म्हणून: "आमच्या नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास का येतो? आणि पाणी उकळलं की वास आणि क्लोरीन, दोन्ही जातात का?"

बहुतेक वेळा दोन्ही जातात. पण किती वेळात जातात आणि किती उरतं, हे त्या पाण्यात क्लोरीन कोणत्या रूपात आहे यावर ठरतं. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं पाणी तपासलं आहे. हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारते, "वास कसा येतो? ब्लीचिंग पावडरसारखा, की नाकाला झोंबणारा, पोहण्याच्या तलावावर येतो तसा?" कारण हे दोन वेगळे वास आहेत आणि उकळताना ते वेगळे वागतात.

केंद्रात गाळून स्वच्छ झालेल्या पाण्यात शेवटी क्लोरीन सोडतात. मोठ्या शहरांत बहुधा वायुरूपात, लहान गावांत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कालवून. पाण्यातले जंतू तिथेच मरतात. तरीही क्लोरीन मुद्दाम थोडा जास्त घालतात, कारण खरी काळजी पाणी केंद्राबाहेर पडल्यानंतरची असते. आपल्याकडे बहुतेक गावाशहरांत पाणी ठरावीक तासच येतं. पुरवठा बंद झाला की नळवाहिनीतला दाब उतरतो, आणि सांधा गळका असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. तो सांधा गटाराशेजारी असेल तर गटाराचं. अशा वेळी पाण्यात आधीपासून शिल्लक असलेला क्लोरीनच तेवढा कामी येतो.

भारतीय मानकाप्रमाणे शेवटच्या नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा, म्हणजे अमोनियासारख्या कशाशी न जोडलेला, क्लोरीन असायला हवा. वाटेत मात्र तो खर्च होत जातो. पाण्यात उरलेल्या सेंद्रिय पदार्थांवर, जुन्या लोखंडी नळाच्या गंजावर, आतल्या बुळबुळीत थरावर. म्हणून शेवटच्या घरी 0.2 पोचवायचा तर जलकुंभातून निघताना तो कितीतरी जास्त ठेवावा लागतो. समजा तिथे 1 मिलिग्रॅम आहे. मग टाकीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला 0.8 मिळतो आणि टोकाच्या वस्तीला 0.2. अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास बहुतेकांच्या नाकाला वास कळू लागतो, काहींना त्याहून कमीलाही. एकाच गावात एक जण "पाणी औषधासारखं लागतं" म्हणतो आणि दुसरा "आमच्याकडे तर काहीच वास नाही" म्हणतो, ते यामुळे. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ होतं, क्लोरीन जास्त खर्च होतो, मात्रा वाढवतात, आणि मग टाकीजवळच्यांना वास आणखी जाणवतो. हा ब्लीचिंग पावडरसारखा, जरासा उग्र पण सरळ वास मोकळ्या क्लोरीनचा.

झोंबणारा वास वेगळ्या कारणाने येतो. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन आधी त्याच्याशी जोडला जातो आणि क्लोरामाइन तयार होतात. त्यातलं पहिलं, मोनोक्लोरामाइन, वासाला मवाळ असतं. क्लोरीनचं प्रमाण अमोनियाच्या मानाने वाढत गेलं की डायक्लोरामाइन आणि ट्रायक्लोरामाइन होतात. नाक चुरचुरतं ते या दोघांनी. आणखी क्लोरीन घातला तर एका टप्प्यावर हे सगळे मोडतात, वास उतरतो आणि त्यापुढे घातलेला क्लोरीन मोकळा राहतो. हिशोबाने अमोनियातला 1 मिलिग्रॅम नायट्रोजन संपवायला सुमारे 7.6 मिलिग्रॅम क्लोरीन लागतो, प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्त. दिल्लीत यमुनेतला अमोनिया वाढला की वझीराबाद आणि चंद्रावल केंद्रांचं उत्पादन कमी करावं लागतं, त्यामागे हेच गणित आहे.

म्हणजे झोंबणारा वास आला की क्लोरीन फार झाला असं लोक धरून चालतात, पण तो अमोनियाच्या मानाने कमी पडलेला असण्याची शक्यता जास्त. नेहमी ठीक असलेल्या नळाला एकाएकी असा वास येऊ लागला, आणि शेजारच्या गल्लीत तसा नसला, तर मला पहिली शंका सांडपाणी मिसळल्याची येते. सांडपाण्यात अमोनिया भरपूर असतो. आणि नेहमीचा वास अचानक पूर्ण नाहीसा झाला, सोबत पाणी जरा गढूळ आलं, तर ते त्याहून वाईट. म्हणजे होता तेवढा क्लोरीन कशावर तरी संपला आहे. अशा दिवशी पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका आणि पाणीपुरवठा विभागाला लगेच कळवा.

आता उकळण्याचं. समजा टाकीजवळच्या घरात 0.8 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असलेलं पाणी आलं आणि ते रुंद तोंडाच्या पातेल्यात, झाकण न ठेवता गॅसवर चढवलं. पाणी तापेपर्यंतच त्यातला काही भाग कमी होतो. खळखळून उकळी आली की मोकळा क्लोरीन साधारण दर 2 मिनिटांनी निम्मा होत जातो. 5 मिनिटांत 0.8 चा 0.15 च्या खाली येतो आणि वास कळेनासा होतो. 10 मिनिटांत तो नसल्यातच जमा. भांडं अरुंद असेल, झाकण असेल, पाणी जास्त असेल तर वेळ वाढतो, म्हणून हे आकडे अंदाजाचे धरा.

तो सगळा वाफेबरोबर उडून जातो असंही नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन वायू म्हणून जवळजवळ नसतोच. हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट या रूपांत तो असतो. काही भाग वाफेबरोबर जातो, काही भाग उष्णतेमुळे पाण्यातल्या इतर पदार्थांशी झटपट क्रिया करून क्लोराइड होतो. क्लोराइड म्हणजे मिठात असतं तेच. ते पाण्यातच राहतं, पण 0.8 मिलिग्रॅम क्लोरीनमधून फार तर तेवढंच क्लोराइड होणार, आणि पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे 250 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. जंतू मारण्याची ताकद आणि वास, दोन्ही गेलेले असतात. उरतं ते निरुपद्रवी.

तेच पातेलं क्लोरामाइनच्या पाण्याने भरलं तर गोष्ट बदलते. झोंबणारे दोघे लवकर जातात, त्यामुळे वास बराच हलका होतो. पण मोनोक्लोरामाइन उकळत्या पाण्यातही निम्मं व्हायला सुमारे 25 मिनिटं घेतं. 10 मिनिटं उकळून त्याचा तीन चतुर्थांश भाग तसाच असतो. इथे वास गेला म्हणजे क्लोरीन गेला असं म्हणता येत नाही. पिण्यासाठी त्याची भीती नको. पण माशांच्या टाकीत पाणी घालायचं असेल तर उकळण्यावर किंवा रात्रभर उघडं ठेवण्यावर विसंबू नका, माशांना क्लोरामाइन बाधतं.

हे घरी पाहता येतं. गावोगावचे जलसुरक्षक ओटी टेस्ट करतात ती अनेकांनी पाहिली असेल. नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब, आणि पिवळा रंग. थेंब टाकताच दिसणारा पिवळा मुख्यतः मोकळ्या क्लोरीनचा. पाचेक मिनिटांत तो आणखी गडद झाला तर वाढलेला भाग क्लोरामाइनचा. प्रयोगशाळेत आता डीपीडीच्या गोळ्या वापरतात, त्यात रंग गुलाबी येतो आणि दोन्ही रूपं जास्त नेमकी वेगळी कळतात. मला तीच पद्धत पसंत आहे, कारण ऑर्थोटोलिडीन हाताळायला धोक्याचं रसायन आहे. कोणतीही चाचणी केली तरी तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, पिण्याच्या भांड्यात परत टाकायचं नाही.

उकळण्याबद्दल मला खरी कळकळ वाटते ती पुढच्या भागाची. जंतू मारायला खळखळून उकळी येऊन एक मिनिट झालं की पुरतं. वासासाठी झाकण काढून आणखी 5 मिनिटं. क्लोरीन आणि सेंद्रिय पदार्थांपासून होणारं क्लोरोफॉर्मही त्या वेळात बरंचसं निघून जातं, कारण ते 61 अंशांनाच उकळतं. पण इथून पुढे त्या पाण्याला कोणतंच संरक्षण नाही. नळाच्या पाण्यात कोणाचं बोट बुडालं तर शिल्लक क्लोरीन काही प्रमाणात सांभाळून घेतो, उकळलेल्या पाण्यात तसं सांभाळणारं काही नाही. म्हणून ते त्याच पातेल्यात झाकून गार करा. माठात ओतायचं असेल तर माठ आधी घासून धुवा आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा, पेला बुडवून नको. एका दिवसात संपेल इतकंच उकळा. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यालाही हेच लागू आहे. रात्रभर थांबून त्यातला क्लोरीन बराच उतरलेला असतो, म्हणून वास नाही याचा अर्थ पाणी चांगलं असा घेऊ नये.

एक वास मात्र उकळूनही हटत नाही, आणि चहात तर जास्तच कळतो. दवाखान्यातल्या औषधासारखा. नव्या रबरी होजमधून, नळाच्या रबरी वायसरमधून किंवा टाकीच्या आतल्या लेपातून फिनॉल सुटलं आणि त्याला क्लोरीन भेटला, की क्लोरोफिनॉल तयार होतात. त्यांचा अगदी सूक्ष्म अंशही जिभेला कळतो. यात दोष बहुतेक वेळा नगरपालिकेच्या पाण्याचा नसतो, घरातल्या जोडणीचा असतो. एका पेल्यात मीटरजवळच्या नळाचं पाणी घ्या, दुसऱ्यात स्वयंपाकघरातलं, दोन्ही झाकून 10 मिनिटं ठेवा आणि मग हुंगून पाहा. पहिल्याला साधा वास आणि दुसऱ्याला औषधाचा आला, तर दोन्हींच्या मधली होज, वायसर आणि टाकी एकेक करून तपासा. तो तुकडा बदलेपर्यंत उकळण्यात गॅस घालवू नका.