कर्जतला गाडीला मागून इंजिन का लावतात: सात वर्षांच्या पोराला समजावताना

आमच्या चिरंजिवांना गाड्यांचं प्रचंड वेड आहे, वय सात. पुण्याला जाताना कर्जतला गाडी थांबली, मागून दोन इंजिनं येऊन चिकटली आणि याचा प्रश्न आला, मागे का, पुढेच का नाही जोडत? घरातल्या पुस्तकांत स्पीड आणि वजनं भरपूर, पण याचं उत्तर कुठेच नव्हतं. मग मीच बसले.

आधी चढ दाखवला. कर्जत-लोणावळा घाटात चढ 1:37 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. फळीखाली 37 सेंमीला 1 सेंमी असं मोजून वही सारली तर साहेब नाराज, एवढासाच! मग हिशोब केला. गाडी समजा 1,100 टनांची, भागिले 37, म्हणजे साधारण 30 टनांचा जोर नुसता ती मागे घसरू नये म्हणून लागतो, वर ओढायला त्याहून जास्त. पुढचं डब्ल्यूएपी-7 इंजिन स्वतः 123 टनांचं, आणि लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड कोरड्यात वजनाच्या पाव भागाच्या आसपास, म्हणजे तेही 30 टनच. पावसात रूळ ओले झाले की पकड अजून कमी, चाकं जागच्या जागी फिरायला लागतात, म्हणून इंजिनात वाळूचे डबे असतात आणि चाकापुढे वाळू सोडतात. हे ऐकून तो उड्याच मारायला लागला, वाळूवर अर्धा तास गेला 😄

पण मग तीनही इंजिनं पुढे का नाहीत? यासाठी त्याची चुंबकाने जोडायची लाकडी आगगाडी काढली, डब्यांत नाणी भरली, फळी बरीच उंच केली कारण 1:37 वर चुंबक सुटत नव्हतं. इंजिन धरून वर ओढलं की दरवेळी इंजिन आणि पहिल्या डब्यामधलंच चुंबक सुटतं, शेवटचं कधीच नाही. का? त्याने स्वतःच सांगितलं, पहिल्यावर सगळ्यांचं वजन आहे आणि शेवटच्यावर फक्त एकाच डब्याचं. मग मागून बोट लावून ढकलत नेली, एकही चुंबक सुटलं नाही. खऱ्या गाडीत कपलिंगचं तेच होतं, मागून ढकलणाऱ्या इंजिनाने, म्हणजे बँकरने, अर्धा भार उचलला की पहिल्या कपलिंगवरचा ताण उतरतो, आणि चुकून तुटलंच तर मागचे डबे उताराला लागू नयेत म्हणून खाली बँकर उभा असतो.

मग पुढचा प्रश्न, वंदे भारतला बँकर का नाही लागत? तिला वेगळं इंजिनच नसतं, निम्म्या डब्यांखाली मोटर असतात, त्यामुळे गाडीभरची कितीतरी चाकं एकाच वेळी जोर लावतात आणि कुठल्याच एका कपलिंगवर अख्ख्या गाडीचा भार येत नाही. आता तो एकाआड एक डब्यावर लाल टिकल्या चिकटवतोय, त्या मोटर म्हणे.