एका ‘ऱ्या’ने खाल्लेले तीन रविवार

जुन्या ओव्यांच्या गायनाचे व्हिडिओ आम्ही अर्थासह चढवतो. मागच्या नोंदीत मी ऐटीत जाहीर केलं होतं की ओव्यांच्या मजकुराच्या फाइलींना पहिल्या शब्दांवरून नावं दिली आहेत, आता कुणालाही पटकन सापडतील. ती ऐट उतरली.

झालं असं. व्हिडिओंचं संकलन करणाऱ्या ताईंनी ‘वाऱ्यासवे’ टाइप करून शोधलं, काहीच आलं नाही. फाइल नाही असं समजून त्यांनी घरातल्या एका पुस्तकातून ओवी आणि अर्थ पुन्हा उतरवून घेतला आणि तोच व्हिडिओखाली चढवला. ओवी जुनी, तिच्यावर हक्क कुणाचाच नाही. पण त्या पुस्तकातला अर्थ आजच्या लेखकाचा, आणि आपल्याकडे परवानगी आहे ती दुसऱ्याच अर्थाची. व्हिडिओ उतरवावा लागला.

फाइल तर फोल्डरात डोळ्यांसमोर होती! आधी मला वाटलं ड्राइव्हचा शोध बिघडलाय. मग नाव हातानं पुन्हा टाइप केलं, तेव्हा त्याच फोल्डरात त्याच नावाची दुसरी फाइल निमूटपणे तयार झाली. तिथे ट्यूब पेटली. दोन्ही नावांची अक्षरं सुटी करून त्यांचे युनिकोड क्रमांक काढले:

```
वाऱ्या   0935 093E 0931 094D 092F 093E
वार्‍या   0935 093E 0930 094D 200D 092F 093E
```

दिसायला तंतोतंत सारखं. पण एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि 200D हा न दिसणारा जोडक. कुणाचा कीबोर्ड यातलं काय टाकतो ते बाहेरून कळत नाही. समतुल्य क्रम एकाच रूपात आणणारं युनिकोडचं NFC सामान्यीकरण मी चालवून पाहिलं. त्यानं र आणि खालचा नुक्ता अशी तिसरी जात सरळ केली, पण जोडकवाली जात तशीच राहिली, कारण युनिकोडच्या लेखी ते दोन समतुल्य क्रम नाहीतच. शेवटी `0930 094D 200D` दिसलं की `0931 094D` करायचं, ही बदली स्वतः लिहिली आणि शोध लागला. त्या क्षणी मी एकटाच ओरडलो.

आनंद तासभर टिकला. पुढचा शब्द ‘दुःख’. निम्म्या लोकांनी विसर्गाऐवजी कोलन टाकलेला, आणि विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही, त्यामुळे कुठे `दु_ख`, कुठे `दुख`. हे एकेक भोक बुजवत बसण्यात अर्थ नाही. म्हणून माझा जुना हट्ट सोडला: नावात देवनागरी बंद. देवनागरी मजकूर फाइलच्या आत आणि यादीच्या तक्त्यात राहील.

आता प्रत्येक ओवीला अर्थहीन क्रमांक, `V0041`. पुस्तकातला ओवीक्रमांक मुद्दाम घेतला नाही, कारण आवृत्तीगणिक तो सरकतो. `T1`, `T2` म्हणजे त्या ओवीचे वेगवेगळे पाठ किंवा अर्थ. चित्रीकरणाचं नाव असं:

```
V0041-T2_20250309_B_03.mov
```

ओवी आणि पाठ, तारीख, कॅमेरा, कितवा टेक. परवानगी नावात नाही. पूर्वी मी शेवटी `_OK` लावायचो. मग एका गायकांनी समाजमाध्यमांपुरती परवानगी मागे घेतली, मी इमानानं नाव बदललं आणि ती क्लिप वापरणारे संकलनातले सगळे प्रकल्प ‘मीडिया ऑफलाइन’ म्हणत लाल झाले. परवानगी बदलते, नाव बदलता कामा नये. म्हणून तक्त्यात `P018` अशी वेगळी ओळ: कुणी दिली, मजकुराची की आवाजाची की चेहऱ्याची, कुठे वापरायची, कधीपर्यंत, सहीचा कागद कुठे. `V0041-T2` समोर `P018` असेल तरच तो अर्थ वापरायचा. रकाना रिकामा म्हणजे नाही. ताईंच्या पुस्तकातला अर्थ तिथेच अडला असता.

एक सावधगिरी: तक्त्यात `P018` खाली ओढू नका. तो शहाणा `P019`, `P020` करत जातो. मी बारा क्लिपांना भलत्याच लोकांच्या परवानग्या वाटल्या होत्या.

आता जुन्या क्लिपांची नावं बदलायला बसणार होतो, पण हे लिहितानाच विचार फिरला. दोन्ही कॅमेऱ्यांत `C0012.MP4` आहे, नावं बदलून पुन्हा जोडायला गेलो तर संकलनात चुकीची क्लिप बसेल. त्यामुळे जुन्याला हात नाही. कार्डागणिक फोल्डर तसाच ठेवून तक्त्यात फक्त एक रकाना वाढवतो, ‘जुनं नाव’.

नव्या चित्रीकरणात मात्र टेकच्या आधी पाटीवर `V` क्रमांक लिहायचा आणि मोठ्यानं म्हणायचाही. पाटी मिळाली आहे, खडू पुसट उमटतो. पांढऱ्या फळीचं मार्कर चालतं का ते येत्या रविवारी बघतो.