एकाच ७२० रुपयांचे दोन दावेदार

फोंड्यातल्या घरून मी चवथीच्या फराळाच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवरून घेते. डबे ठरलेले आणि दरही ठरलेले असल्यामुळे एकच रक्कम अनेकांकडून येते. साठ नेवऱ्यांचा ७२० रुपयांचा डबा तर सगळ्यांत जास्त जातो. गेल्या चवथीला, सणाला दोन दिवस उरले असताना, या ७२० रुपयांवरूनच अडचण उभी राहिली.

म्हापशाच्या एका बाईंनी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. दुपारी डिचोलीच्या एका तरुणाने इन्स्टाग्रामवर लिहिले, "ताई, पैसे पाठवलेत, उद्या सकाळी डबा न्यायला येतो." त्याने स्क्रीनशॉट मात्र पाठवला नव्हता. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ७२० रुपयांची त्या दिवसाची जमा एकच दिसत होती आणि ज्या नावावरून ती आली होती, ते नाव या दोघांपैकी कोणाचेच नव्हते. हे नेहमीचेच आहे. इन्स्टाग्रामवर माणूस आपल्या कुळागराचे नाव लावतो, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते जास्वंदीचे फूल ठेवतो आणि पैसे पाठवतो ते सासऱ्यांच्या खात्यातून.

तळणीला बसलेली वहिनी म्हणाली, "स्क्रीनशॉट आहे ना, मग ते म्हापशाच्या बाईंचेच." मी तो मोठा करून पाहिला. रक्कम बरोबर होती, माझे नाव आणि वेळही बरोबर होती. पण रकमेखाली बारीक अक्षरांत 'प्रोसेसिंग' लिहिलेले होते. व्यवहार पूर्ण होण्याआधीच, घाईघाईत, तो काढलेला होता. स्क्रीनशॉट हा पैसे पाठवू लागल्याचा पुरावा असतो, माझ्या खात्यात ते आल्याचा नव्हे, आणि सणाच्या गर्दीत नेमका हाच फरक नजरेतून सुटतो.

मी दोघांनाही आपापल्या अ‍ॅपच्या इतिहासातला त्या व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक टाइप करून पाठवायला सांगितले. तरुणाचा क्रमांक माझ्या जमेशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. खाते त्याच्या आईचे होते. बाईंचा क्रमांक माझ्याकडे कुठेच नव्हता, पण त्यांच्या बँकेने पैसे वजा झाल्याचा संदेश मात्र पाठवलेला होता. म्हणजे खोटे कोणीच बोलत नव्हते, पैसे वाटेत अडकले होते.

अशा वेळी रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम उपयोगी पडतो. व्यक्तीकडून व्यक्तीकडे जाणारे यूपीआयचे पैसे असे अडकले, तर ते उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी आपोआप परत गेले पाहिजेत. व्यापाऱ्याला दिलेले असतील, तर पाच दिवसांत त्यांचा निकाल लागला पाहिजे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने ग्राहकाला शंभर रुपये भरपाई द्यायची असते. माझा क्यूआर व्यापारी खात्याचा असल्यामुळे पाच दिवस धरायचे, म्हणजे चवथ होऊन जाणार. बाईंना पुन्हा पैसे पाठवायला सांगावे, तर पहिलेही उशिरा माझ्याकडे येऊ शकत होते. शेवटी मी त्यांना लेखी कळवले: "डबा नेताना ७२० रुपये रोख द्या. अडकलेले पैसे माझ्या खात्यात जमा झाले, तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करीन." हे फोनवर सांगून भागले असते, पण फोनवरचा शब्द आठवड्याने कोणालाच नीट आठवत नाही. बाईंनी "चालेल" असे लिहून पाठवले, तेव्हा मी वहीत त्यांच्या नावापुढे 'रोख येणे, परतावा बघणे' अशी नोंद केली. चवथ झाल्यावर ते पैसे त्यांच्याच खात्यात परत गेले आणि ती ओळ मी खोडली.

त्यानंतर मी ऑर्डरीचा क्रमांक रकमेतल्या सुट्या पैशांतच घालू लागले. एक्केचाळिसाव्या ऑर्डरीला कळवायची रक्कम ७२०.४१, अठ्ठावन्नाव्या ऑर्डरीला ७२०.५८. यूपीआयने रुपयांबरोबर सुटे पैसेही पाठवता येतात, त्यामुळे जमा कोणत्याही नावाने आली तरी दशांश चिन्हापुढचे दोन आकडे बघून वहीतली ओळ सापडते. व्यवहाराच्या टिपेत क्रमांक लिहायला मी आधी सांगत असे, पण ती टीप फार थोडे लोक भरतात. रक्कम तर सगळ्यांनाच भरावी लागते. एका हंगामात ऑर्डरी नव्याण्णवच्या पुढे गेल्या, तर तेच आकडे पुन्हा येतात. म्हणून डबा हाती देताना ती ओळ मी लगेच बंद करते आणि मगच तो आकडा दुसऱ्याला देते.

काही जुने ग्राहक मात्र "ताई, चिल्लर कशाला?" म्हणत सरळ ७२१ पाठवतात. त्यांच्याकडून यूटीआर मागवल्यावाचून अजूनही सुटका नाही.