डिपॉझिटसाठी लिहिलेलं एका पानाचं पत्र

पुण्यातला फ्लॅट सोडून आम्ही नाशिकला आलो तेव्हा साठ हजारांचं डिपॉझिट घरमालकांकडे अडकलेलं होतं. काका माणूस वाईट नव्हते. तीन वर्षं राहिलो, कधी कटकट नाही, दर अकरा महिन्यांनी करार नवा करून घ्यायचे, तोही नोंदणी करून. पण पैशाचा विषय काढला की एकच उत्तर यायचं: "नवीन भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून तुमचं देऊन टाकतो." पुण्यात हे इतकं सर्रास चालतं की बऱ्याच जणांना तो नियमच वाटतो. पण नवा भाडेकरू कधी येणार, येणार का, यावर माझा काय ताबा?

घर सोडण्याआधी ऑफिसातल्या एकाने सल्ला दिला होता, पैसे हातात पडेपर्यंत चावीच देऊ नकोस. ऐकायला बरं वाटतं, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम २४ असं सांगतं की लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावरही ताबा दिला नाही, तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते. म्हणजे साठ हजार वाचवायला जायचं आणि उलट आपल्यावरच बोजा. त्यामुळे मुदतीच्या दिवशी घर रिकामं केलं. चाव्या काकांच्या मेहुण्यांकडे दिल्या आणि एका कागदावर "तीन चाव्या मिळाल्या, घर रिकामे ताब्यात घेतले" असं लिहून त्यांची सही आणि तारीख घेतली. मीटरच्या आकड्याचा फोटो काढला. भिंती, ओटा, बाथरूम असा घरभर फिरून एक व्हिडिओही केला, तेही मेहुणे सोबत असताना. त्या सहीच्या कागदाचा पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला.

जून सुरू झाला. फोन उचलले जायचे, उत्तर तेच. मग एक दिवस काकांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, पेंटरने चोवीस हजार सांगितलेत, ते वजा करावे लागतील. तेव्हा मी लेखी मागायचं ठरवलं.

माझी मावसबहीण वकिली करते. नोटीस तिच्याकडून पाठवू का विचारलं तर म्हणाली, "आधी तूच लिही. वकिलाचं पत्र गेलं की समोरचाही वकील धरतो, आणि मग साठ हजारांच्या भांडणात दोघांचेही पैसे जातात." तिने दोन गोष्टी मात्र ठामपणे सांगितल्या. पहिली, करारातलं कलम शब्दशः उचल. आमच्या करारात लिहिलं होतं की डिपॉझिट बिनव्याजी राहील आणि ताबा परत देतेवेळी थकबाकी वजा करून परत केलं जाईल. नव्या भाडेकरूचा त्यात कुठेच उल्लेख नव्हता. दुसरी गोष्ट व्याजाची. बिनव्याजी म्हणजे ताबा देईपर्यंत बिनव्याजी, त्यानंतर उशीर झाला तर व्याज मागता येतं. पण ते पत्रात मागितलेलं असावं, कारण १९७८ च्या व्याजाच्या कायद्यात लेखी मागणीच्या तारखेला महत्त्व आहे. प्रकरण कोर्टात गेलंच, तर "मागितलं कधी?" या प्रश्नाला उत्तर लागतं.

तोवर नेटवर केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा वाचून मी खूश झाले होते, त्यात ताबा घेतानाच डिपॉझिट परत करा असं स्पष्ट आहे. बहिणीने तो खोडून काढला. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. मग पत्रात कायद्याचा आधार घ्यायचाच नाही, करारावरच भर द्यायचा असं ठरलं.

पत्र लिहिण्याआधी हिशेब केला, आणि आमच्या अंगावरचं आधी मांडलं. महावितरणचं शेवटचं बिल ९६० रुपये, ते ग्राहक क्रमांक टाकून ऑनलाइन पाहता आलं. आमच्या मुलाच्या चेंडूने फुटलेली सरकत्या खिडकीची काच, १,४०० रुपये, काचवाल्याच्या पावतीसह. बाकी ५७,६४०. आपलं देणं स्वतःहून कबूल केलं की पुढच्या आकड्याला वजन येतं, हे मी नोकरीत वसुलीची पत्रं लिहून शिकले आहे.

पत्र असं होतं:

"विषय: सुरक्षा अनामत रकमेच्या परताव्याबाबत.

महोदय, आपल्या सदनिकेचा ताबा मी ३१ मे रोजी आपले प्रतिनिधी यांना दिला असून त्यांच्या सहीची पोच सोबत जोडली आहे. आपल्यातील नोंदणीकृत करारानुसार अनामत रक्कम रु. ६०,००० ताबा देतेवेळी परत करावयाची होती. वीजबिल रु. ९६० व खिडकीची काच रु. १,४०० मला मान्य असून ते वजा जाता रु. ५७,६४० येणे आहे. रंगकामाची वजावट मला मान्य नाही. तीन वर्षांच्या सामान्य वापराने रंग फिका होणे हे नुकसान नव्हे. याखेरीज काही नुकसान झाले असल्यास फोटो व बिलासह कळवावे.

वरील रक्कम २७ जूनपर्यंत पुढील बँक खात्यात जमा करावी. तसे न झाल्यास त्या तारखेपासून प्रचलित दराने व्याजासह वसुलीसाठी योग्य ती कार्यवाही करणे मला भाग पडेल."

खाली खाते क्रमांक आणि आयएफएससी. "खाते क्रमांकच दिला नव्हता" ही सबब फार जुनी आहे.

मुदतीवर मी बराच विचार केला. "पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस" लिहिलं असतं तर पत्र कधी मिळालं यावरच वाद झाला असता, म्हणून सरळ तारीख टाकली. पत्र १० जूनला टाकलं, म्हणजे टपालाचे दिवस धरूनही त्यांच्या हातात दोन आठवडे राहत होते. तीन दिवसांत द्या म्हटलं की समोरचा चिडतो, आणि पुढे कुणी पाहिलं तर आपणच आडमुठे दिसतो. दोन महिने दिले असते, तर पत्र फ्रिजवर पडून राहिलं असतं.

स्पीड पोस्टने पाठवलं, करारात लिहिलेल्या पत्त्यावर. काका आता मुलाकडे राहतात हे माहीत होतं, म्हणून एक प्रत तिकडे आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर. पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगचं पान ठेवून दिलं. पत्र "घेण्यास नकार" अशा शेऱ्याने परत आलं, तर पाकीट न फोडता तसंच ठेव, असं बहिणीने बजावलं होतं. तशी वेळ आली नाही.

मुदतीच्या चार-पाच दिवस आधी काकांच्या मुलाचा फोन आला. आवाज थोडा रागावलेला. "ताई, बाबांना पत्र कशाला पाठवलंत? आपण बोललो असतो." मी म्हटलं, "बोलत होतो की, दादा. आता आकडा समोर आहे, तो बघा." पेंटरचा विषय त्याने काढला, मी व्हिडिओ पाठवला. मग हॉलमधल्या ड्रिलच्या भोकांवर आला. ती भोकं आमचीच होती, टीव्हीच्या स्टँडची. लांबी भरायचा खर्च मागणं चूक नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "छप्पन हजार राउंड करू." १,६४० रुपयांसाठी ताणायचं नाही असं ठरवून मी हो म्हटलं.

त्याने लगेच "हिशेब पूर्ण मिटला" असा मेसेज टाइप करून मागितला. मी म्हटलं, जमा झाले की टाकते. २६ तारखेला दुपारी रक्कम आली, आणि मग लिहिलं: "अनामत रकमेपोटी रु. ५६,००० मिळाले, आता काही येणे बाकी नाही." काकांनी त्यावर हात जोडल्याची खूण टाकली आणि विचारलं, तुमच्या ओळखीत कुणी भाडेकरू आहे का.